डिशवॉशरमधली टकटक, खडखड आणि करकर: ठाण्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातला हा तीन बेडरूमचा फ्लॅट. घरात आजी, नोकरी करणारं जोडपं आणि शाळेत जाणारी मुलगी. डिशवॉशर ओट्याशेजारी स्वतंत्र उभा केलेला, साधारण सहा वर्षं वापरात असलेला आणि वॉरंटी केव्हाच संपलेला. सकाळी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी जाताना मशीन भरून जायच्या. रात्रीची भांडी सूनबाई लावायच्या. म्हणजे एकाच मशिनमध्ये भांडी रचणारे हात दोन आणि रचायच्या सवयीही दोन. पुढे या गोष्टीला महत्त्व येणार होतं.

भांडी आपल्याकडे असतात तशीच होती. स्टीलची ताटं, वाट्या, कुकरमधली उभी भांडी, एक लहान कढई, झारा, उलथणं, डाव. डिशवॉशरचे रॅक मुळात चिनी मातीच्या पातळ बशा आणि काचेचे ग्लास डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. आपल्या काठाच्या ताटांना आणि लांब दांड्याच्या डावांना त्यात जागा शोधावी लागते, आणि मशीनमधून आवाज यायला लागला तर त्याची सुरुवात बहुतेक वेळा या जागा शोधण्यातून झालेली असते.

पुढचं कळण्यासाठी मशीनची आतली रचना थोडक्यात सांगतो. या मशिनमध्ये पाणी फवारणारे दोन पंखे आहेत. एक खालच्या रॅकच्या खाली, मशीनच्या तळाशी. दुसरा वरच्या रॅकच्या खालच्या बाजूला, त्या रॅकलाच अडकवलेला. पंख्यांना स्वतःची मोटर नसते. भोकांतून तिरकं पाणी सुटतं आणि त्याच्या उलट्या धक्क्यावर पंखा फिरतो. त्यामुळे त्यांचा जोर बेताचा असतो आणि एखादा चमचा आडवा आला तरी ते अडखळतात. तळात फिल्टर असतो आणि त्याच्या खाली, एका कोपऱ्यात, घाण पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप. भांड्यांवर पाणी मारणारा मोठा पंप वेगळा.

अडचण

दिवाळीच्या सुमारास आवाज सुरू झाला. पहिल्यांदा रोज नव्हता. एखाद्या दिवशी सायकलच्या मधेच "टक... टक... टक..." असं घड्याळासारखं एकसारखं वाजायचं, काही मिनिटं चालायचं आणि आपोआप थांबायचं. थोड्या वेळाने पुन्हा. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. त्याच्या जोडीला सायकलभर एक बारीक खडखड असायची. स्टीलवर स्टील घासल्यासारखी, कधी मोठी, कधी लहान.

डिसेंबरात आणखी एका आवाजाची भर पडली. सायकल संपता संपता पाणी बाहेर जाताना "कर्र्र" असा, खडे दळल्यासारखा. तो मात्र रोज येऊ लागला. आजींना दुपारच्या झोपेत तो ऐकू जायचा आणि त्या म्हणायच्या, "अगं, मशीन काहीतरी चावतंय बघ."

घरच्यांनी आपल्या परीने उपाय केले होते. एका रविवारी भांडी नव्या पद्धतीने लावली, फिल्टर काढून साबणाने घासला, दाराची रबरं पुसली, सॉल्ट भरलं. त्यानंतर टकटक कमी झाल्यासारखी वाटली, पण गेली नाही. मग एका सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलावला. त्याने मशीन चालू केलं, पहिली काही मिनिटं कान लावला. त्या वेळी टकटक झालीच नाही. खाली हात लावून त्याने सांगितलं की मोठ्या पंपाचं बेअरिंग गेलंय, अख्खा पंप बदलावा लागेल. खर्च पाच आकडी. घरच्यांनी विचार करायला वेळ मागून घेतला आणि ओळखीतून मला फोन केला. घरगुती यंत्रांची दुरुस्ती हे माझं काम.

फोनवर सूनबाईंचा पहिला प्रश्न सरळ होता: "दादा, पंप बदलू का नवीनच मशीन घेऊ?"

समोर असलेले पर्याय

मार्ग चार होते, आणि घरात प्रत्येकाचा कल वेगळ्या मार्गाकडे होता.

आजींच्या मुलाचं म्हणणं होतं की भांडी स्वच्छ निघतायत ना, मग आवाजाकडे दुर्लक्ष करावं. हे दिसतं तितकं चुकीचं नाही. काही आवाज खरोखरच निरुपद्रवी असतात. पण टकटक म्हणजे पंखा कशाला तरी आपटतोय. आज आपटून तो पुढे सरकतो, उद्या तीच वस्तू दोन बोटं जास्त बाहेर आली की पंखा तिथेच अडतो. आणि अडला की आवाज बंद होतो! घरच्यांना वाटतं बरं झालं, पण भांडी एका बाजूने खरकटी निघू लागतात. या प्रकारात शांतता म्हणजे मशीन ठीक असल्याची खूण नव्हे.

दुसरा मार्ग पंप बदलण्याचा. त्याच्या विरुद्ध माझ्याकडे एकच मुद्दा होता, पण तो वजनदार होता. बेअरिंग खराब झालं की पंप चालू असेपर्यंत सलग घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. तो सुटे सुटे ठोके देत नाही, एक दिवसाआड गायब होत नाही आणि आत कोणतं भांडं कुठे ठेवलंय त्यावर अवलंबून नसतो. घरच्यांनी सांगितलेलं वर्णन याच्याशी कुठेच जुळत नव्हतं.

तिसरा मार्ग नवं मशीन. सहा वर्षांच्या, गळती नसलेल्या, नीट धुणाऱ्या यंत्राला टकटकीसाठी भंगारात काढणं मला पटत नव्हतं आणि तसं मी स्पष्ट सांगितलं.

उरला चौथा मार्ग. एकेक गोष्ट बाजूला काढत आवाजाचा माग काढायचा. खर्च जवळपास शून्य, पण वेळ लागतो आणि घरच्यांची साथ लागते. आम्ही तो धरला. पंपाचा निर्णय त्यानंतरच घ्यायचा असं ठरलं.

काय केलं

*आधी नुसतं ऐकलं*

मशीनला हात लावण्याआधी मी सूनबाईंना एक काम दिलं. नेहमीसारखी भांडी लावून नेहमीचा प्रोग्रॅम चालवा, मोबाइल ओट्यावर ठेवून संपूर्ण सायकलचा आवाज रेकॉर्ड करा, आणि भांडी लावल्यावर दोन्ही रॅकचे वरून फोटो काढा. फोटो याच्यासाठी की आवाज ऐकू आल्यावर "त्या दिवशी काय कुठे होतं" हे कुणालाच आठवत नाही.

रेकॉर्डिंग ऐकल्यावर एक गोष्ट लगेच उघड झाली. घरचे ज्याला "मशीनचा आवाज" म्हणत होते ते तीन वेगळे आवाज होते आणि सायकलच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर येत होते. टकटक फक्त धुण्याच्या टप्प्यात, तीही आलटून पालटून: काही मिनिटं आहे, काही मिनिटं नाही. खडखडही धुण्यातच, पण जास्त सलग. करकर फक्त पाणी बाहेर जाताना. शिवाय चौथा एक बारीक "ठप्प" होता, पाणी भरून झाल्याच्या क्षणी. त्याची तक्रार कुणीच केली नव्हती.

टकटक आलटून पालटून का? कारण हे मशीन दोन्ही पंख्यांना एकाच वेळी पाणी देत नाही. थोडा वेळ खालच्या पंख्याला, थोडा वेळ वरच्या. म्हणजे एकच पंखा आपटत होता, आणि त्याची पाळी आली की वाजत होता. पहिल्या माणसाला काही ऐकू आलं नाही यात त्याचा फार दोष नाही. तो आला तेव्हा बहुधा दुसऱ्या पंख्याची पाळी चालू असावी.

*रिकामं मशीन*

घरी गेल्यावर पहिली चाचणी सोपी ठेवली. सगळी भांडी आणि कटलरी बास्केट बाहेर, दोन्ही रॅक जागेवर, आणि नुसत्या विसळण्याचा छोटा प्रोग्रॅम लावला. सुमारे पंधरा मिनिटांचं काम. रिकाम्या मशिनमध्ये टकटक झाली तर पंखा, फिल्टर किंवा रॅक यांतच काहीतरी बिघडलंय. नाही झाली तर भांड्यांकडे बघायचं.

टकटक झाली नाही. मोठ्या पंपाचा आवाज सलग, मऊ, एकसुरी होता. मी घरच्यांना बोलावून तो ऐकायला लावला, कारण पाच आकडी खर्चाचा प्रश्न इथेच निकालात निघत होता. रिकामं असताना जो पंप इतका शांत चालतो, त्याचं बेअरिंग भांडी भरल्यावर ठोके देणार नाही. पण दोन गोष्टी राहिल्या. खडखड रिकाम्या मशिनमध्येही होती, थोडी कमी. आणि पाणी बाहेर जाताना करकर तशीच.

म्हणजे तीन आवाजांना तीन कारणं. इथून पुढे तिघांचा माग स्वतंत्रपणे घ्यायचा होता.

*पंख्यावरचे ओरखडे*

मी खालचा पंखा वर ओढून काढला. तो या मशिनमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. वरचा पंखा एका प्लास्टिकच्या नटने धरलेला, तोही सोडवला. दोन्ही उजेडात धरून पाहिले. आपटणारा पंखा आपला पुरावा अंगावरच बाळगतो, फक्त ओरखडा कुठल्या बाजूला आहे ते नीट बघायचं. खालच्या पंख्याच्या वरच्या अंगावर किंवा कडेवर खूण असेल, तर खालच्या रॅकमधून काहीतरी खाली लोंबतंय. त्याच पंख्याच्या पोटाला खूण असेल, तर खालून फिल्टर नीट न बसल्याने वर उचलला गेलाय. वरच्या पंख्याच्या पोटाला खूण असेल, तर खालच्या रॅकमधलं एखादं उंच भांडं त्याला लागतंय.

इथे वरच्या पंख्याच्या पोटाला, दोन्ही टोकांशी, चकचकीत ओरखडे होते. खालच्या पंख्याच्या एका कडेवर एक-दोन जुन्या खुणा होत्या, पण अगदी हलक्या.

आता सूनबाईंनी काढलेला फोटो पाहिला. खालच्या रॅकमध्ये उजव्या बाजूला कुकरचं उंच भांडं पालथं ठेवलेलं. मी सूनबाईंना विचारलं, "हे भांडं रोज इथेच असतं?"

त्या म्हणाल्या, "मी डावीकडे ठेवते. मावशी उजवीकडे ठेवतात, त्यांना तिकडून सोपं जातं."

एक दिवसाआड येणाऱ्या आवाजाचं कोडं इथे सुटलं. सकाळच्या सायकलमध्ये भांडं उजवीकडे असलं की टकटक, रात्रीच्या सायकलमध्ये डावीकडे असलं की काही नाही, आणि ज्या दिवशी कुकर लागलाच नाही त्या दिवशी अर्थातच शांतता.

पण एवढ्यावर थांबलो असतो तर अर्धंच कळलं असतं. तेच भांडं, तीच उंची. मग उजवीकडे लागतं आणि डावीकडे का लागत नाही?

*तिरका रॅक*

वरचा रॅक बाहेर ओढून त्याच्या समोर डोळ्यांच्या पातळीवर बसलो. रॅक तिरका होता. उजवी बाजू डावीपेक्षा साधारण दोन सेंटिमीटर खाली. या मशिनमध्ये वरच्या रॅकची उंची दोन्ही बाजूंच्या खटक्यांनी कमी-जास्त करता येते, आणि डावा खटका मधल्या खाचेत, तर उजवा सगळ्यात खालच्या खाचेत होता. पंखा रॅकलाच अडकवलेला असल्याने रॅक तिरका झाला की पंखाही तिरका फिरतो. त्याचं टोक उजवीकडे आलं की खाली झुकायचं आणि कुकरच्या भांड्याच्या बुडाला निसटतं लागायचं. पंख्याला वर-खाली थोडी मोकळीक असते, त्यामुळे तो किंचित उचलला जाऊन पुढे सरकायचा. दोन टोकं, म्हणून एका फेऱ्यात दोन ठोके, एकसारख्या अंतराने. मुलीने तर टाळ्या वाजवून तो ठेका दाखवला होता.

रॅक केव्हा हलवला असं विचारल्यावर थोडा वेळ सगळे गप्प. मग आजींना आठवलं. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा मोठी ताटं खाली बसेनात, म्हणून कुणीतरी वरचा रॅक उचलला होता, तोही भरलेला असताना. भरलेल्या रॅकचं वजन एका बाजूला जास्त असतं. एक खटका आपल्या खाचेत अडकतो, दुसरा सुटून खालच्या खाचेत उतरतो, आणि भांड्यांच्या गर्दीत तिरकेपणा दिसत नाही. आवाजाची सुरुवातही दिवाळीचीच. दोन गोष्टी शेजारी शेजारी होत्या, पण जोडून कुणी पाहिल्या नव्हत्या. टकटक त्याच दिवशी झाली असती तर कदाचित लक्षात आलं असतं. ती कुकरच्या भांड्याच्या जागेवर अवलंबून असल्याने काही दिवसांनी उगवली.

रॅक पूर्ण रिकामा केला, दोन्ही खटके एकाच वेळी दाबले आणि दोन्ही बाजू मधल्या खाचेत आणल्या. मग कुकरचं भांडं मुद्दाम उजवीकडेच ठेवलं आणि रॅक आत सरकवून पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून पाहिला. भांड्यापासून बोटभर अंतर होतं.

खडखडीचा मोठा भागही याच तिरकेपणाने होत होता. उतारावरून वाट्या उजवीकडे सरकून एकमेकींवर चढायच्या आणि पाण्याच्या माऱ्याने थरथरायच्या. पण रिकाम्या मशिनमध्येही खडखड होती, त्याचं कारण वेगळं निघालं. वरच्या रॅकच्या उजव्या रुळाच्या टोकाला प्लास्टिकचा अडथळा असतो. रॅक ओढताना बाहेर पडू नये म्हणून. तो अर्धवट निघून लोंबत होता, आणि त्याच बाजूचं एक चाक झिजून सैल झालेलं. अडथळा दाबून "कट" आवाज येईपर्यंत बसवला. चाक मात्र बदलायला हवं होतं, म्हणून मॉडेल नंबर लिहून घेतला. दारावर बाजूच्या पट्टीवर तो छापलेला असतो, आणि त्याशिवाय सुटे भाग मागवले की हमखास चुकीचे येतात.

खालच्या पंख्यावरच्या हलक्या खुणांचाही माग काढला. कटलरी बास्केटच्या तळाची जाळी एका कोपऱ्यात तुटली होती, आणि बारीक दांड्याचा एक डाव तिथून खाली घसरून रॅकच्या बाहेर टोक काढायचा. डाव, झारा, उलथणं ही लांबडी मंडळी बास्केटमध्ये उभी ठेवण्यापेक्षा वरच्या रॅकमध्ये आडवी झोपवावीत, हे मी मावशींना आणि सूनबाईंना एकत्र दाखवलं. मावशींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो नेमका होता: "मग बंद करण्याआधी कसं कळणार लागतंय का ते?" उत्तर सोपं आहे. दार लावण्याआधी दोन्ही पंखे हाताने एकदा फिरवायचे. कुठे अडलं, की ते भांडं हलवायचं.

*करकर आणि फिल्टरखालचा कोपरा*

तिसरा आवाज धुण्याशी संबंधित नव्हता. तो फक्त पाणी बाहेर जाताना, म्हणजे ड्रेन पंप चालू असताना यायचा. त्यामुळे रॅक आणि पंखे कितीही नीट केले तरी तो जाणार नव्हता. तो डिसेंबरात सुरू झाला होता, टकटकीनंतर काही आठवड्यांनी. त्या सुमारास वेगळं काय केलं, असं विचारल्यावर फिल्टर घासल्याचा तो रविवार आठवला.

मशीनचा प्लग काढला. खालचा रॅक बाहेर. फिल्टरला हात लावला तर तो अर्धवट फिरवलेलाच होता, पूर्ण बसलेला नाही. या फिल्टरवर बाण असतो आणि तो खुणेशी जुळेपर्यंत फिरवावा लागतो. तिथवर न फिरवता सोडला तर जाळीच्या कडेने फट राहते, आणि जे फिल्टरने अडवायला हवं ते खाली पंपाच्या घरात उतरतं.

फिल्टर काढून तळातलं पाणी वाटीने आणि स्पंजने उपसलं. पंपावर एक लहान पांढरं झाकण असतं. या मॉडेलमध्ये ते चमच्याच्या दांड्याने आतल्या बाजूला उचकटून निघतं. इथे उघड्या बोटांनी चाचपायचं नाही, कारण फुटलेल्या काचेचे तुकडे बहुतेक इथेच येऊन बसतात. जाड हातमोजा घातला, टॉर्च धरला आणि लांब चिमट्याने काढलं ते असं: दोन चिंचोके, काचेची एक चपटी कपची, आणि कढीपत्त्याच्या देठांचा गुंता. आजी चिंचोके पाहून म्हणाल्या, "आमटीतले!" चिंचोका गुळगुळीत आणि कडक. पंपाच्या पात्यांना तो मोडता येत नाही आणि बाहेरच्या नळीतही सहज जात नाही. म्हणून पाणी निघेपर्यंत तो तिथेच घुमत राहतो, आणि तीच करकर.

पंपाची पाती बोथट काडीने हळूच फिरवून पाहिली. इथे बरेच जण घाबरतात, कारण पाती मोकळेपणाने गरगर फिरत नाहीत, झटक्याझटक्याने पुढे सरकतात. ते बरोबर आहे. पंपाच्या आत चुंबक असतो आणि त्याच्या ओढीने पाती टप्प्याटप्प्याने फिरतात. एखादं पातं तुटलेलं असतं किंवा पाती जागेवर डगडगली असती तर पंप बदलायला लागला असता. इथे दोन्ही नव्हतं. झाकण पुन्हा घट्ट बसवलं. ते विसरलं किंवा सैल राहिलं तर पाणी नीट बाहेर फेकलं जात नाही. मग फिल्टर बाणाशी बाण जुळेपर्यंत.

*एका वेळी एकच बदल*

सगळं परत लावल्यावर एकदम पूर्ण भरून चालवण्याची घाई आम्ही टाळली. आधी रिकामं: करकर नाही, खडखड जवळपास नाही. मग भांडी भरून, कुकरचं भांडं मुद्दाम त्याच उजव्या जागी ठेवून: टकटक नाही. शेवटी पंखे खरंच फिरतायत ना हे पाहिलं. दार लावताना दोन्ही पंखे समोरून मागे अशा सरळ रेषेत ठेवले, धुणं सुरू झाल्यावर काही मिनिटांनी मशीन थांबवलं, फवारा शांत होऊ दिला आणि दार हळूच उघडलं. आतली वाफ गरम असते, झटक्यात उघडू नये. दोन्ही पंखे वेगळ्या दिशेला थांबलेले होते. योगायोगाने पंखा त्याच जागी थांबू शकतो, म्हणून शंका असेल तर हेच दुसऱ्यांदा करून बघावं. आवाज बंद होणं आणि पंखा फिरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तपासल्याशिवाय मी काम संपवत नाही.

निष्पत्ती

पंप बदलावा लागला नाही. टकटक आणि करकर पूर्ण गेली. रॅकचं चाक काही दिवसांनी आलं, आजींच्या मुलाने ते स्वतःच बसवलं आणि उरलीसुरली खडखडही कमी झाली. पूर्ण गेली असं नाही. स्टीलच्या वाट्या पाण्याच्या माऱ्याखाली एकमेकींना लागणार, तेवढा किणकिणाट राहणारच. तो घालवायचा तर वाट्या तिरक्या आणि एकमेकींपासून सुट्या ठेवाव्या लागतात, म्हणजे एका सायकलमध्ये कमी भांडी मावतात. घरच्यांनी जास्त भांडी आणि थोडा आवाज हा सौदा पत्करला. मला तो योग्यच वाटला.

पाणी भरून झाल्यावरचा "ठप्प" राहिला. तो मशीनमधला नव्हे, भिंतीतल्या पाइपचा आवाज आहे. मशीनचा व्हॉल्व्ह झटकन बंद होतो आणि वेगाने येणारं पाणी पाइपमध्ये जागच्या जागी अडतं, त्याचा तो धक्का. इमारतीत प्रेशर पंप आहे आणि तो चालू असतानाच "ठप्प" मोठा व्हायचा, यावरून ते पक्कं झालं. मशीनमागचा अँगल कॉक थोडा आवळून पाण्याचा वेग कमी केला. आवाज निम्म्याने उतरला. जास्त आवळला असता तर मशीनला ठरलेल्या वेळेत पुरेसं पाणी मिळालं नसतं आणि पाणी न भरल्याची चूक दाखवून ते थांबलं असतं. म्हणून तिथेच सोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

या प्रकरणातला सगळ्यात महागडा क्षण पंपाचा नव्हता. तो फिल्टर घासण्याचा रविवार होता. त्या एका दिवशी घरच्यांनी भांड्यांची रचना बदलली, फिल्टर काढून बसवला आणि सॉल्टही भरलं. टकटक कमी झाली ती बहुधा त्या आठवड्यात कुकरचं भांडं डावीकडे गेल्याने. पण श्रेय फिल्टरच्या सफाईला गेलं, आणि त्याच सफाईने तिसरा आवाज जन्माला घातला. एक बदल करून दोन-तीन सायकली ऐकल्या असत्या, मग दुसरा केला असता, तर कुठल्या बदलाने काय झालं हे कळलं असतं. नव्याने आलेली करकर जुन्या टकटकीत मिसळली नसती आणि "मशीन आणखी बिघडत चाललंय" ही भीतीही वाढली नसती.

रिकाम्या मशीनची चाचणी दिवाळीनंतर पहिल्याच आठवड्यात करता आली असती. तिला कुठलंही हत्यार लागत नाही. तिच्यानंतर सर्व्हिस सेंटरच्या माणसाला "रिकामं असताना टकटक नाही, भरल्यावर आहे" एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर तोही पंपापर्यंत पोचला नसता असं मला वाटतं. त्याच्याकडे दहा-पंधरा मिनिटं असतात आणि सायकल चालते दोन तासांच्या आसपास. ज्या टप्प्यावर आवाज येतो त्या टप्प्याचं रेकॉर्डिंग हातात असेल तरच तो त्याला ऐकू येणार.

उलट दिशेलाही एक मर्यादा आहे, आणि ती घरच्यांना मी लिहून दिली. रिकाम्या मशिनमध्येही धुण्याच्या टप्प्यात सलग घरघर येऊ लागली आणि ती सायकलागणिक वाढत गेली, तर ते काम भांडी हलवून होणार नाही, पंप तपासायलाच हवा. पाणी बाहेर जाताना नुसतं गुणगुणलं आणि पाणी तसंच राहिलं, तर ड्रेन पंप अडला आहे. तेव्हा प्लग काढून तळ उपसायचा, पुन्हा पुन्हा सुरू करून बघायचं नाही. आणि मशीनच्या खालून पाणी दिसलं तर आवाजाचा विचार बाजूला ठेवून आधी अँगल कॉक बंद करायचा.

कटलरी बास्केटचा तुटलेला कोपरा त्यांनी तात्पुरता प्लास्टिकच्या टायने बांधला आहे. गरम पाण्याने तो टाय काही महिन्यांत ठिसूळ होईल, म्हणून चाकासोबतच बास्केटही मागवा असं मी सुचवलं होतं. ते या वेळी राहिलं. तोवर बारीक दांड्याचा तो डाव वरच्या रॅकमध्ये आडवा, आणि दार लावण्याआधी पंख्यांचा एक फेरा हाताने. मावशींनी ही सवय सूनबाईंच्या आधी उचलली.